नोंद सापडली, पण कुठल्या प्रतीत?

ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचा पहिला अहवाल राज्य मंत्रिमंडळाने स्वीकारला, तेव्हा दोन आकडे सगळ्यांच्या तोंडी झाले. मराठवाड्यात पावणेदोन कोटींच्या घरात जुने कागद तपासले गेले आणि त्यांत साडेअकरा हजारांच्या आसपास कुणबी नोंदी मिळाल्या. चर्चा, वाद, सभा सगळं काही दुसऱ्या आकड्यावर झालं. पण भागाकार करून पाहिला तर पहिला आकडा जास्त विचार करायला लावतो. साधारण दीड हजार कागदांमागे एक नोंद. म्हणजे बाकीच्या सगळ्या कागदांवर कुणीतरी नजर फिरवली आणि इथे काही नाही, असं ठरवलं. कुणी ठरवलं, कोणत्या दिवशी, आणि नेमकं काय शोधायला सांगितलं होतं म्हणून?

आरक्षणाचा वाद हा या लेखाचा विषय नाही. विषय आहे तो जुन्या कागदातून नोंद काढण्याच्या कामाचा आणि त्या नोंदीसोबत राहायला हव्या अशा तीन गोष्टींचा: कागदाची कोणती प्रत वाचली, कधी वाचली आणि कोणत्या सूचनेनुसार वाचली. संगणकवाले याला ऑडिट ट्रेल म्हणतात. आपण नोंदीचा माग म्हणू. हिंगोली जिल्हा या कामाला फार चांगला नमुना आहे, कारण इथल्या कागदांनी भाषा, लिपी, कालगणना, राज्य आणि जिल्हा असं सगळंच बदललेलं पाहिलं आहे.

हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 मे 1999 रोजी. त्याआधी हा सगळा मुलूख परभणीत. त्यामुळे 1999 पूर्वीच्या कोणत्याही रजिस्टरच्या पाठीवर ‘जिल्हा हिंगोली’ असं असणार नाही. आज पाच तालुके आहेत, हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ, पण यांतले शेवटचे दोन नंतरचे. तिथलं गाव जुन्या बाडात दुसऱ्याच तालुक्याखाली शोधावं लागतं. त्याच्याही मागे गेलं की हैदराबाद संस्थान. वरच्या कचेऱ्यांचा कारभार उर्दूत, गावपातळीवरचं लिखाण बरंचसं मोडीत, आणि सन फसली. निजामी राज्याच्या उत्तरकाळात फसली साल ऑक्टोबरात सुरू होई, म्हणून फसली 1343 म्हणजे ऑक्टोबर 1933 ते ऑक्टोबर 1934. महिना पाहून कधी 590 मिळवायचे, कधी 591. हे ज्याला माहीत नाही तो सरसकट 590 मिळवतो आणि एका माणसाचा जन्म वर्षभर आधी ढकलतो.

कुणबी नोंदींसाठी जे कागद तपासायचे होते त्यांची यादीही लांबलचक होती. महसूलकडची खासरा पत्रकं, पाहणी पत्रकं, क पत्रकं, कुळ नोंदवह्या, 1951 चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर; जन्ममृत्यूचा गाव नमुना 14, ज्याला गावात अजूनही कोतवाल बुक म्हणतात; शाळांच्या प्रवेश निर्गम नोंदवह्या; भूमी अभिलेखकडची पक्काबुकं; निबंधकाकडची खरेदीखतं; वक्फकडचे मुंतखब; पोलिसांची आणि कारागृहाची रजिस्टरं; अगदी ताडीच्या परवान्यांच्या नोंदवह्यासुद्धा. प्रत्येक कागद वेगळ्या कारणासाठी लिहिलेला, वेगळ्या माणसाने, वेगळे रकाने आखून. त्या सगळ्यांतून एकाच साच्याची ओळ काढायची आणि तक्त्यात भरायची. ही ओळ तक्त्यात गेली की तिचं मूळ पुसलं जातं. तक्त्यातल्या सगळ्या ओळी सारख्याच दिसतात, ठसठशीत अक्षरातल्या नोंदीवरून आलेली आणि वाळवीने खाल्लेल्या कागदावरून अंदाजाने लावलेलीही.

खरं तर महसूल खात्याला हे शिकवायची गरज पडू नये. जुना हस्तलिखित सातबारा काढून पाहा. प्रत्येक नावाशेजारी गोलात एक आकडा असतो, तो फेरफार क्रमांक. त्या आकड्यावरून गाव नमुना 6, म्हणजे फेरफार नोंदवही, उघडायची. तिथे हे नाव कोणत्या तारखेला, वारसाने की खरेदीने, कोणत्या कागदावरून लागलं आणि मंडळ अधिकाऱ्याने ते कधी प्रमाणित केलं हे सापडतं. जुनं नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. कंसातलं नाव वाचता येतं आणि ते का गेलं हेही नव्या फेरफारावरून कळतं. जमिनीच्या बाबतीत ही शिस्त शंभरेक वर्षांत इतकी मुरली आहे, की तलाठ्याने नुसतं व्हाइटनर लावून नाव बदललं तर गावातला कुणीही बोंब मारील. पण हाच कर्मचारी एक्सेलच्या तक्त्यात बसला की आधीच्या मजकुरावर सरळ नवा मजकूर टाइप करतो. तिथे कंस नाही, गोलातला आकडा नाही. जुनी नोंद गेली ती गेलीच.

एक नोंदवही घेऊन हे सगळं पाहू. उदाहरण मी रचलेलं आहे, पण त्यातली प्रत्येक अडचण अशा नोंदवह्यांत खरोखर येते. कळमनुरी तालुक्यातल्या एका गावच्या शाळेची प्रवेश निर्गम नोंदवही आहे, 1950 च्या आसपासची. शंभर पानं, पानावर बारा ओळी. जातीचा रकाना आहे. त्यात कुठे ‘कुणबी’ असं पूर्ण लिहिलं आहे, कुठे ‘कु.’ आणि कुठे वरचंच पुढे चालू हे दाखवायला ‘सदर’ किंवा दोन तिरप्या रेघा. नोव्हेंबरात नोंदवही स्कॅन झाली. या प्रतिमांना आपण प्रत v1 म्हणू. वाचणाऱ्याला दिलेली सूचना साधी होती: जातीच्या रकान्यात ‘कुणबी’ असा पूर्ण शब्द असेल तरच नोंद घ्यायची. ही सूचना S1. तिच्यानुसार शंभर पानांत तीन नोंदी मिळाल्या.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की ‘कु.’ सुटतंय. पण ‘कु.’ घ्या म्हणून मोकळं होता येत नाही, कारण शाळेच्या नोंदवहीत मुलीच्या नावाआधीचं ‘कु.’ म्हणजे कुमारी. म्हणून दुसरी सूचना लिहिली गेली, S2: ‘कु.’ जातीच्या रकान्यात असेल तर घ्या, नावाच्या रकान्यात असेल तर सोडा. ‘सदर’ असेल तर वर जाऊन मूळ शब्द शोधा आणि तो कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत आहे हे लिहा. मूळ शब्द सापडला नाही तर ‘संशयित’ म्हणून नोंदवा. त्याच v1 प्रतिमा S2 ने पुन्हा वाचल्यावर नोंदी झाल्या पाच. शिवाय एक संशयित. 38 व्या पानाची पहिलीच ओळ ‘सदर’ म्हणत होती आणि तिच्या आधीचं पान 35 वं निघालं.

36 आणि 37 कुठे गेली? सरकारी नोंदवहीच्या पहिल्या पानावर ‘या नोंदवहीत 1 ते 100 पाने आहेत’ असा दाखला लिहून सही करायची पद्धत आहे. दाखला म्हणतो शंभर, प्रतिमा मोजल्या तर अठ्ठ्याण्णव. दमटपणाने दोन पानं एकमेकांना चिकटली होती आणि स्कॅन करणाऱ्याने दोन्ही एकदम उलटली. जानेवारीत ती हळूच सोडवून पुन्हा स्कॅन केली, ही प्रत v2. तिच्यात 37 व्या पानाच्या शेवटच्या ओळीत ‘कुणबी’ स्वच्छ दिसलं. ती एक नवी नोंद, आणि तिच्यामुळे 38 व्या पानावरचं ‘सदर’ही सुटलं. एकूण सात.

तीन, पाच, सात. बाहेरून पाहणाऱ्याला हे आकडे संशयास्पद वाटणारच. एकाच वहीत नोंदी वाढतात कशा, असा प्रश्न तो विचारील आणि तो रास्तही आहे. उत्तर देता येतं ते फक्त माग ठेवला असेल तर. तीनाचे पाच झाले ते सूचना बदलल्यामुळे, कागद तोच होता. पाचाचे सात झाले ते प्रत बदलल्यामुळे, सूचना तीच होती. 38 व्या पानावरच्या त्या एका ओळीचा माग असा दिसेल:

```
nond,pan,ol,prat,suchana,vachan_dinank,vachak,nishkarsh,mul_shabd
0412,38,1,v1,S1,2023-11-14,V2,nahi,
0412,38,1,v1,S2,2023-12-06,V2,sanshayit,
0412,38,1,v2,S2,2024-01-19,V2,kunbi,p37-o12
```

ओळ एकच, वाचनं तीन, आणि तिन्ही शिल्लक. आधीची दोन चुकीची नव्हती. त्या दिवशी त्या प्रतीवर त्या सूचनेने तेच उत्तर येणार होतं. इथे एक गोष्ट मुद्दाम पाहण्यासारखी आहे. प्रत आणि सूचना एकाच वेळी बदललेली नाही. समजा जानेवारीत नवं स्कॅन आलं आणि त्याच दिवशी सूचनाही बदलली असती, तर तीनाचे थेट सात झाले असते आणि त्यातल्या चार वाढीव नोंदींपैकी किती कागदाच्या आणि किती सूचनेच्या, हे सांगायला पुन्हा सगळं वाचावं लागलं असतं. घाईच्या कामात नेमकं हेच होतं. वरून दोन फर्मानं एकदम येतात आणि खालचा माणूस दोन्ही एकाच फेरीत उरकतो.

प्रत म्हणजे नुसतं स्कॅन, असंही नाही. कागदालाही प्रती असतात. जुनं रजिस्टर फाटलं की त्यावरून नवं लिहून काढलं जातं. त्यावर ‘जुन्यावरून नक्कल’ असा शेरा असतो, कधी नसतोही. नक्कल करणारा कारकून नीटनेटका असेल तर तो ‘कु.’ चं ‘कुणबी’ करून टाकतो, मोडीतलं नाव बाळबोधीत उतरवतो, फसली सन इसवीत बदलतो. हेतू चांगला असतो. पण ते त्याचं वाचन असतं, मूळ कागदाचं म्हणणं नव्हे. म्हणून प्रतीच्या रकान्यात मूळ की नक्कल हे आधी यायला हवं आणि स्कॅनची आवृत्ती त्यानंतर. दोन नोंदी एकमेकींना पुष्टी देतात असं वाटावं आणि नंतर कळावं की एक दुसरीची नक्कलच आहे, हा प्रकार अभिलेखांत नवा नाही.

स्कॅनची आवृत्ती मात्र फाइलच्या नावावर सोडू नये. ‘final’, ‘final_2’, ‘navin_final’ या नावांचा अनुभव कोणत्याही कचेरीत येतो. फाइलचा ठसा घेता येतो, त्याला हॅश म्हणतात. फाइलमधल्या प्रत्येक बाइटवरून गणित करून चौसष्ट अक्षरांची एक ओळ निघते. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी ती पूर्ण वेगळी येते. विंडोजच्या साध्या संगणकावर वेगळं काही न बसवता हे होतं:

```
certutil -hashfile KLM-S07-p038-v2.tif SHA256
```

आलेली ओळ त्या प्रतिमेच्या नोंदीसोबत जपून ठेवायची. उद्या कुणी म्हणालं की प्रतिमेत फेरफार झाला, तर तीच आज्ञा पुन्हा चालवायची आणि ओळ जुळते का ते पाहायचं. प्रतिमा नुसती आडवीची उभी करून जपून ठेवली तरी ठसा बदलतो, म्हणून आधी सरळ करणं, कडा कापणं वगैरे सगळं उरकून मग ठसा घ्यावा, किंवा मूळ स्कॅन हात न लावता बाजूला ठेवून सरळ केलेल्या प्रतीला वेगळा क्रमांक द्यावा. दुसरा मार्ग मला जास्त पटतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात, कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक अभिलेख कोर्टात द्यायचा तर जे प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्याच्या नमुन्यात हॅशसाठी जागाच आहे आणि तो कोणत्या पद्धतीने काढला हेही विचारलं आहे. तेव्हा ही संगणकवाल्यांची हौस राहिलेली नाही.

सूचनेकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं, कारण ती बहुधा तोंडी असते. बैठकीत साहेब सांगतात, कारकून वहीत दोन ओळी लिहितो, चार दिवसांनी व्हॉट्सॲपवर एक दुरुस्ती येते, आणि जिल्ह्यात प्रत्येक तालुका थोडं थोडं वेगळं वाचू लागतो. सूचना लिहून काढली, तिला क्रमांक आणि तारीख दिली, की ती नोंदीला टाचता येते. तिच्यात काय असावं? कोणते रकाने पाहायचे. कोणते शब्द आणि त्यांची कोणती रूपं धरायची. ‘सदर’ आणि संक्षेप यांचं काय करायचं. सन कसा बदलायचा, आणि मूळ फसली तारीख वेगळ्या रकान्यात जशीच्या तशी ठेवायची की नाही, ठेवावीच. वाचता आलं नाही तर काय लिहायचं.

उर्दूच्या कागदांत तर सूचनेवाचून चालतच नाही. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. ‘कुणबी’ हा शब्द काफ, नून, बे, ये अशा अक्षरांनी लिहिला जातो, आणि शब्दाच्या मधोमध आल्यावर नून, बे, ते, पे या सगळ्यांचं रूप एकच असतं, एक छोटा दात. फरक करतात ते वरचे-खालचे नुक्ते. घाईच्या शिकस्त अक्षरात लिहिणारा नुक्ते गाळतो. मग उरतो तो काफ, त्यापुढे दोन दात आणि शेवटचा ये. जाणकार संदर्भावरून वाचतो, कारण गावात कोणत्या जातींची घरं आहेत हे त्याला शेजारच्या ओळींवरून कळतं. पण दुसरा तितकाच जाणकार तिथे ‘अस्पष्ट’ लिहील. मोडीतही ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि कलम न उचलता लिहिलेली अक्षरं एकमेकांत मिसळतात. नुक्ते नसतील तर संदर्भावरून वाचायचं की अस्पष्ट म्हणून सोडायचं, हे वाचणाऱ्याच्या मर्जीवर ठेवलं की दोन तालुक्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ राहत नाही. संदर्भावरून वाचलं असेल तर तसं लिहावं आणि तीच ओळ दुसऱ्या वाचकाला, पहिल्याचं उत्तर न दाखवता, द्यावी. दोघांची उत्तरं वेगळी आली तर दोन्ही ठेवावीत.

वाचकाच्या जागी अक्षरं ओळखणारी संगणक प्रणाली असली तरी हिशेब तोच. तिचं नाव, आवृत्ती आणि तिला दिलेली सूचना शब्दशः, हे सगळं S च्या रकान्यात येतं. फरक इतकाच, की माणूस आपण काय केलं ते थोडंफार आठवून सांगू शकतो.

सूचना वरूनही बदलते आणि ती बदलणं गैर नाही. ‘मराठा-कुणबी’ आणि ‘कुणबी-मराठा’ ही नावं राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आली 2004 मध्ये. त्यामुळे रकान्यात असा जोडशब्द दिसला तर त्याचं काय करायचं, याचं उत्तर 2004 च्या आधी आणि नंतर वेगळं. शिंदे समिती 7 सप्टेंबर 2023 च्या शासन निर्णयाने नेमली गेली तेव्हा काम मराठवाड्यापुरतं होतं, पुढे ते राज्यभर झालं. 2 सप्टेंबर 2025 च्या निर्णयाने हैदराबाद गॅझेटिअरचा आधार पुढे आणला. गॅझेटिअरमध्ये जातवार आकडे असतात, माणसांची नावं नसतात. म्हणजे पुराव्याची जातच वेगळी, आणि ती कशी वापरायची त्याची रीतही वेगळी. आता एखाद्या नोंदीवर फक्त ‘कुणबी, पान 38’ एवढंच असेल, तर ती यांतल्या कोणत्या काळात, कोणत्या रीतीने स्वीकारली गेली हे दहा वर्षांनी कोण सांगणार?

ते सांगायचं काम तारखेचं. पण तारीख ही तिघांतली सोपी वाटणारी आणि सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट. मुळात प्रत्येक नोंदीला तीन तारखा असतात: कागदात लिहिलेली, स्कॅनची आणि वाचनाची. तक्त्यात ‘दिनांक’ असा एकच रकाना असला की प्रत्येक जण आपल्या मनाने त्यातली एक भरतो. त्याहून वाईट म्हणजे एक्सेलमध्ये कुणी हुशारीने `=TODAY()` लिहून ठेवतो. हे सूत्र तारीख साठवत नाही, फाइल उघडली जाईल त्या दिवशीची तारीख दाखवतं. वर्षभराने तक्ता उघडला तर सगळी वाचनं आजच झाली असं दिसतं. आजची तारीख कायमची टाकायची तर `Ctrl+;` दाबायचं. आणि गट क्रमांक किंवा पान-ओळ ‘5/2’ अशी लिहिली की एक्सेल तिची बेधडक तारीख करून टाकतं. रकाना आधीच Text केला असेल तर ती वाचते. तारखेच्या रकान्यात कधीकाळी बिघाड झाला होता का, हे ओळखायची सोपी खूण आहे. शेकडो ओळींची वाचनतारीख एकच असेल, किंवा वाचनाची तारीख त्याच प्रतिमेच्या स्कॅनच्या तारखेआधीची निघाली, तर त्या तक्त्यावर विसंबू नये.

आता पुन्हा त्या मोठ्या आकड्याकडे, ज्या कागदांत काही सापडलं नाही त्यांच्याकडे. सरकारी भाषेत त्याला निरंक म्हणतात. तालुक्याकडून ‘अमुक गाव, निरंक’ असा अहवाल येतो आणि फाइल बंद होते. सापडलेल्या नोंदीला निदान दाखवायला एक पान असतं. शंका आली तर पान उघडून पाहता येतं. निरंकला दाखवायला काहीच नसतं. आमच्या उदाहरणातली नोंदवही 35 व्या पानानंतर थेट 38 वर गेली, ती ‘सदर’मुळे पकडली गेली. 38 व्या पानाची पहिली ओळ साध्या ‘म.’ ने सुरू झाली असती तर 36 आणि 37 ही पानं न वाचताच निरंक ठरली असती आणि कुणाला पत्ताही लागला नसता. म्हणून निरंकच्या अहवालात सापडलेल्या नोंदीपेक्षा जास्त तपशील हवा: कोणती नोंदवही, दाखल्यानुसार किती पानं, प्रतिमा किती, त्यांतली वाचता न आलेली किती आणि कोणती, कोणत्या सूचनेने वाचली, कोणत्या तारखांदरम्यान.

हे असलं तर पुढचं काम अगदी हलकं होतं. समजा S1 बदलून S2 आली. हिंगोली जिल्ह्यात सातशेच्या आसपास गावं आहेत. सगळी पुन्हा वाचायला माणसं आणि महिने लागतील, आणि मोडी वाचणारे मुळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण तक्त्यात प्रत्येक निरंकसमोर सूचनेचा क्रमांक असेल, तर फक्त S1 वर निरंक ठरलेल्या नोंदवह्या गाळून काढायच्या. त्यांतही ज्यांना जातीचा रकानाच नाही त्या वगळायच्या, कारण ‘कु.’ च्या नव्या नियमाने त्यांत काही बदलणार नाही. उरतील तेवढ्याच पुन्हा उघडायच्या. सूचनेचा क्रमांक नसेल तर दोनच वाटा उरतात: सगळं परत वाचणं किंवा काहीच न वाचणं. व्यवहारात दुसरीच घेतली जाते, आणि मग जो अर्जदार खेटे घालतो, त्याच्याच गावची नोंदवही पुन्हा उघडते. एका गावाला दोन न्याय लागतात ते असे, कुणाच्याही मनात नसताना.

मागाच्या मर्यादाही आहेत. ठसा सांगतो की स्कॅन झाल्यापासून प्रतिमा बदलली नाही. स्कॅन होण्याआधी कागदावर काय झालं हे तो सांगू शकत नाही. एखाद्या ओळीची शाई वेगळी, अक्षर वेगळं, दोन ओळींच्या मधल्या जागेत दाटून लिहिलेला शब्द, असं असेल तर वाचकाने तसा शेरा मारावा, एवढंच त्याच्या हातात आहे. निर्णय त्याने करू नये. प्रमाणपत्राची पडताळणी जात पडताळणी समितीकडे जाते आणि तिचं दक्षता पथक शंका आली की मूळ कागद पाहायला जातं, स्कॅन नव्हे. तिरप्या प्रकाशात कागद धरला की खरवडलेली जागा दिसते, ती प्रतिमेत दिसत नाही.

म्हणून या सगळ्या रकान्यांत आणखी एक घालावा लागतो, आणि हिंगोलीच्या बाबतीत तो विसरून चालणार नाही: मूळ कागद आज कुठे आहे. शाळेची नोंदवही शाळेत असेल, महसुलाची तहसीलच्या अभिलेख कक्षात, जिल्हा होण्याआधीचं काही परभणीला. रजिस्टरं हलतात, कपाटांचे क्रमांक बदलतात, इमारत बदलली की गठ्ठे नव्याने बांधले जातात. त्यामुळे या रकान्यालाही तारीख लागते: ‘अभिलेख कक्ष, गठ्ठा अमुक, या दिवशी पाहिला’. पुढच्या वेळी कागद दुसरीकडे सापडला तर जुनी जागा खोडायची नाही, तिला कंस करून खाली नवी लिहायची.